नाव झाकलं तर माणूस ओळखू येतो का?

*"मी अंबड एमआयडीसीतल्या एका मशीनिंगच्या कारखान्यात क्वालिटी सेक्शन बघते. हाताखाली सात जण आहेत. एप्रिलमध्ये अप्रायझलचे फॉर्म भरून दिले आणि एचआरने सातही परत पाठवले. म्हणाले, 'मॅडम, सगळ्यांच्या रिमार्कमध्ये एकच मजकूर आहे.' आणि ते खरं होतं. मेहनती, प्रामाणिक, टीमवर्क उत्तम, कम्युनिकेशनमध्ये थोडी सुधारणा हवी. फॉर्म इंग्रजीत असतो, त्यामुळे मी ठरलेली वाक्यं टाकते. यातला एक इंजिनिअर कामात फार हुशार आहे, पण रिपोर्ट वेळेवर देत नाही. नुसतं चांगलं लिहिलं तर उशीर झाकला जातो, उशीर लिहिला तर मुलगा दुखावतो. हा परिच्छेद लिहायचा तरी कसा? दहा दिवसांत फॉर्म परत द्यायचे आहेत."*

— एक वाचक, पाथर्डी फाटा, नाशिक

ताई,

तुमचं पत्र वाचलं त्याच संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला आणि आपण जवळपास तासभर बोललो. त्या बोलण्यातलंच बरंचसं तुमच्या परवानगीने, तपशील आणि आकडे बदलून, इथे मांडतो आहे. हा प्रश्न तुमच्या एकटीचा नाही. सातपूर-अंबडच्या कितीतरी सेक्शन इनचार्जनी तो मला विचारला आहे.

पहिल्यांदा हे बघू, की रिमार्कचा तो रकाना वाचतं कोण. आपण लिहिताना डोळ्यांसमोर तो मुलगा असतो. त्याला काय वाटेल, तो उद्या सकाळी आपल्याशी नीट बोलेल ना, याच विचारात पेन चालतं. पण फॉर्म तुमच्या टेबलावरून निघाला की एका मीटिंगमध्ये जातो. तिथे प्लांट हेड असतात, एचआर असतं, प्रॉडक्शनचे आणि मेंटेनन्सचे साहेब असतात. प्रत्येकाने आपापल्या माणसांना पाचपैकी चार किंवा पाच रेटिंग दिलेलं असतं आणि सगळ्यांना ते देता येत नाही. तिथल्या निम्म्या लोकांनी तुमच्या इंजिनिअरला काम करताना कधी पाहिलेलं नसतं. त्यांच्यापुढे असतात त्या तुमच्या चार ओळी. प्रॉडक्शनच्या फॉर्मवरही 'मेहनती' आहे आणि मेंटेनन्सच्या फॉर्मवरही 'मेहनती' आहे. मग दोघांपैकी कोणाचा चार ठेवायचा आणि कोणाचा तीन करायचा, हे कोण मोठ्या आवाजात बोलतो त्यावर ठरतं. मी अशा मीटिंगमध्ये बरीच वर्षं बसलो आहे. चांगल्या माणसाचं रेटिंग तिथे खाली येतं तेव्हा, माझ्या अनुभवात, बहुतेक वेळा त्याच्या साहेबाने लिहिलेल्या कौतुकात धरून ठेवण्यासारखं काहीच नसतं.

हे मी स्वतः केलेलं आहे. सातपूरला एका कारखान्यात असताना माझ्याकडे एक सुपरवायझर होते. पाच वर्षं मी त्यांच्या फॉर्मवर 'उत्तम', 'अत्यंत विश्वासू' असंच लिहीत गेलो. त्यांना नवीन मशीनचं प्रोग्रॅमिंग जमत नव्हतं, ते शिकायलाही टाळत होते, हे मला दिसत होतं. पण माणूस वयाने मोठा, स्वभावाने लाख चांगला. मनात यायचं, कशाला दुखवा. सहाव्या वर्षी शिफ्ट इनचार्जची जागा निघाली आणि ती त्यांच्यापेक्षा ज्युनिअर मुलाला मिळाली. ते माझ्या केबिनमध्ये आले, पाचही वर्षांच्या झेरॉक्स टेबलावर ठेवल्या आणि एवढंच म्हणाले, "साहेब, यात कुठे लिहिलंय की मला काही शिकायचं बाकी आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांना दुखवायचं नाही म्हणून मी जे पाच वर्षं लिहिलं नाही, त्याची किंमत त्यांनी मोजली होती. मी हे अजून विसरलेलो नाही.

सरकारी नोकरीत या शेऱ्यांवरून लढाया सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आहेत. देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्याचा निकाल २००८ सालचा. सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेतल्या या अधिकाऱ्याच्या गोपनीय अहवालात एका वर्षी 'चांगला' असा शेरा होता. वाचायला त्यात वाईट काय? पण बढतीसाठी पाचही वर्षं 'अतिशय चांगला' लागत होतं, त्यामुळे तो 'चांगला'च आडवा आला. आणि तो शेरा त्यांना कधी कळवलेलाच नव्हता. न्यायालयाने सांगितलं, की शेरा चांगला असो वा वाईट, तो त्या माणसाला कळवला पाहिजे. हा निकाल सरकारी सेवेपुरता आहे, तुमच्या कारखान्यावर तो बंधनकारक नाही. पण 'चांगला' या शब्दाने माणसाचं नुकसान कसं होतं, हे यापेक्षा स्वच्छ कुठे दिसेल असं मला वाटत नाही.

आता तुमच्या इंजिनिअरकडे येऊ. फोनवर मी तुम्हाला विचारलं, "हुशार आहे म्हणजे त्याने काय केलं?" तुम्ही म्हणालात, "म्हणजे, प्रॉब्लेम सोडवतो." मी म्हटलं, "कुठला?" त्यावर तुम्ही जरा थांबलात आणि मग म्हणालात, "तो बुशचा!" आणि पुढची दहा मिनिटं तुम्ही मला ती गोष्ट इतकी नेमकी सांगितलीत की मी कागदावर लिहून घेतली.

बुश म्हणजे पिन बसते ती नळी. तिचा बोअर, म्हणजे आतलं भोक, २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरच्या मध्ये हवा. कस्टमरकडे असेंब्लीत पिन अडकत होती. एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत त्याच बुशच्या तीन तक्रारी आल्या. दर वेळी आपल्याकडचे रिपोर्ट बघितले तर माप बरोबर! तिसऱ्या तक्रारीनंतर हा मुलगा दोन दिवस मशीनपाशी उभा राहिला, निघालेला प्रत्येक नग हातात घेतला आणि बोअर तोंडाशी मोजला तसा आतल्या टोकालाही मोजला. तोंडाशी २५.००८, आत २४.९९४. इन्सर्ट, म्हणजे मशीनमधली कापणारी पात, घासत आली की आतलं टोक लहान पडत होतं आणि आपले लोक माप घेत होते फक्त तोंडाशी. मग दोन ठिकाणी माप घ्यायचं ठरलं आणि इन्सर्ट २५० नगांऐवजी १८० नगांना बदलायची ठरली. हे दोन्ही त्याने तिन्ही शिफ्टच्या ऑपरेटरांना मशीनवर दाखवून सुरू केलं. सप्टेंबर ते मार्च त्या बुशची एकही तक्रार नाही.

ताई, हे सगळं तुमच्या डोक्यात होतं आणि फॉर्मवर गेलं काय, तर 'मेहनती'. मला वाटतं त्याचं एक कारण तुम्हीच पत्रात लिहिलं आहे. फॉर्म इंग्रजीत असतो. परक्या भाषेत लिहायला बसलं की आपण आधी वाक्य शोधतो आणि मग त्यात माणूस बसवतो. म्हणून माझं सांगणं आहे, आधी मराठीत लिहा, तेही तुम्ही मला फोनवर सांगितलंत तसं. कोणी केलं, कधी केलं, काय केलं, त्याने काय बदललं. मग त्याचं इंग्रजी करा, छोट्या छोट्या वाक्यांत. २४.९९४ हा आकडा दोन्ही भाषांत तोच राहतो. आकडा आणि घटना हाताशी असली की साधं इंग्रजी पुरतं, अलंकारिक शब्दांची गरज पडत नाही.

दुसरं कारण आठवणीचं आहे. एप्रिलमध्ये लिहायला बसलो की आपल्याला फेब्रुवारी-मार्च आठवतं. मार्चमध्ये ज्याने ऑडिटला धावपळ केली तो वर्षभर चांगला वाटतो, आणि ज्याच्याकडून मार्चमध्ये एक लॉट चुकून सुटला तो वर्षभर निष्काळजी वाटतो. म्हणून मी तुम्हाला फॉर्म बाजूला ठेवायला सांगितला आणि आधी चार गोष्टी उघडायला सांगितल्या: कस्टमर कम्प्लेंटची यादी, रिजेक्शन रजिस्टर, तुमचे पाठवलेले मेल आणि सेक्शनचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. कोऱ्या कागदाचे चार भाग करा, एप्रिल ते जून, जुलै ते सप्टेंबर, ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च. प्रत्येक भागात त्या माणसाची निदान एक घटना सापडली पाहिजे. एका माणसाला पाऊण तास लागतो. सात जणांना पाच-सव्वापाच तास. दहा दिवसांत रोज एक माणूस घेतलात तर तीन दिवस उरतात.

आता त्या उशिराबद्दल. इथे मला जास्त वेळ थांबायचं आहे, कारण खरी अडचण इथेच आहे.

दोन दिवसांनी तुम्ही मला नवीन मसुदा पाठवलात. त्यात बुशची गोष्ट छान उतरली होती. पण त्याच्या खाली लिहिलं होतं: 'रिपोर्ट नेहमी उशिरा देतो. वारंवार सांगूनही सुधारणा नाही. जबाबदारीची जाणीव कमी.' मोघम कौतुक सोडायला निघालेला माणूस बहुतेक वेळा असाच मोघम तक्रारीवर जाऊन आदळतो. 'मेहनती' जितका पोकळ, तितकाच 'जबाबदारीची जाणीव कमी' हाही पोकळ. फरक एवढाच, की हा बोचतो.

मी तुम्हाला म्हटलं, 'नेहमी' हा शब्द तपासू. यादी उघडा. वर्षात सहा कस्टमर तक्रारी त्याच्याकडे होत्या आणि प्रत्येकीचा एट-डी रिपोर्ट, म्हणजे तक्रारीचं कारण आणि उपाय मांडणारा अहवाल, १४ दिवसांत बंद करायचा होता. सहापैकी दोन वेळेत गेले होते. चार उशिरा. म्हणजे 'नेहमी' पहिल्याच फटक्यात गेलं. मग मी विचारलं, त्या चारांत काय अडलं होतं? तुम्ही मेल शोधलेत. दोन रिपोर्टमध्ये मटेरियल टेस्टिंग बाहेरच्या लॅबकडे होतं आणि लॅबचा कागदच बाराव्या-तेराव्या दिवशी आला होता. त्याने त्यांना तीन वेळा मेल केलेले तुम्हाला सापडले. ते दोन त्याच्या खात्यावर टाकता येत नाहीत. उरले दोन. एक २३ दिवसांनी बंद झाला, एक ३१ दिवसांनी. हे दोन मात्र त्याचेच.

पण तेवढ्यावर थांबू नका. कुठे अडलं ते बघा. एट-डीच्या आठ पायऱ्या असतात हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या दोन्ही रिपोर्टमध्ये चौथी पायरी, म्हणजे मूळ कारण, त्याने पाचव्या दिवसाच्या आत गाठली होती. राहिलं होतं ते पुढचं काम: कंट्रोल प्लॅनमध्ये, म्हणजे तपासणीच्या ठरलेल्या आराखड्यात, दुरुस्ती करणं, केलेल्या बदलाचे फोटो जोडणं, सह्या घेणं. कारण सापडलं की त्याचा जीव त्यातून निघतो आणि तो पुढच्या प्रॉब्लेमकडे वळतो. हे कळल्यावर तुमचं वाक्यच बदललं. आधी त्यात एका माणसाच्या स्वभावावरचा ठपका होता. आता त्यात एक जागा दिसते, जिथे काम अडतं, आणि त्या जागेवर उपाय करता येतो.

आणि त्याचा परिणाम काय झाला? हाही लिहायचा असतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटतं, दोन रिपोर्ट उशिरा गेले तर काय बिघडलं. तुम्ही सांगितलंत, की ३१ दिवसांच्या रिपोर्टमुळे कस्टमरच्या डिसेंबरच्या सप्लायर रेटिंगमध्ये आपले मार्क कापले गेले आणि त्यातला एक रिपोर्ट तुम्ही स्वतः रविवारी घरी बसून पूर्ण केलात. पहिली गोष्ट लिहा. दुसरी लिहू नका. तुमचा रविवार गेला याचा राग खरा आहे आणि तो त्याच्याशी समोरासमोर बोलायचा आहे. फॉर्मवर तो आला की सगळा परिच्छेद त्या रागाच्या रंगाचा दिसतो.

मसुद्यात आणखी एक वाक्य होतं: 'ऑपरेटरशी बोलण्याची पद्धत कडक आहे.' मी विचारलं, तुम्ही पाहिलंय? म्हणालात, नाही, थर्ड शिफ्टचे लोक म्हणतात. याबद्दल त्याच्याशी कधी बोललात? तेही नाही. मग ते वाक्य यंदा काढून टाका. फॉर्मवर येणारी कुठलीही उणीव त्या माणसाने तुमच्या तोंडून वर्षात एकदा तरी ऐकलेली असली पाहिजे. पहिल्यांदा कागदावर वाचायला मिळाली तर त्याला एवढंच कळतं, की माझ्या पाठीमागे काहीतरी चालू होतं. तुम्ही एखाद्या रात्री थर्ड शिफ्टला जाऊन स्वतः बघा, तसं दिसलं तर त्याच आठवड्यात त्याच्याशी बोला. पुढच्या वर्षी लागलंच तर लिहाल. तसंच, वडिलांच्या आजारपणामुळे त्याच्या सुट्ट्या जास्त झाल्या, हेही तुम्ही सहानुभूतीने लिहिलं होतं. ते काढा. घरच्या गोष्टी त्या फाईलमध्ये राहता कामा नयेत. मीटिंगमध्ये त्या कोण कशा वाचेल हे आपल्या हातात नसतं.

उशिराची गोष्ट तुम्ही आधीच त्याच्याशी बोलला आहात का, हे मी विचारलं तेव्हा तुम्ही डिसेंबरमधला मेल दाखवलात. बरं झालं. म्हणून ती फॉर्मवर येऊ शकते.

आता समतोल. तुमच्या पहिल्या मसुद्यात कौतुकाच्या चार ओळी होत्या आणि मग 'पण'. हा 'पण' फार वाईट शब्द आहे. वाचणारा 'पण' दिसला की आधीचं सगळं पुसून टाकतो. काही जण त्यावर उपाय म्हणून उणीव मध्ये घालतात आणि दोन्ही बाजूंना गोड वाक्यं लावतात. ते मला पटत नाही. त्याने उणीव तर धूसर होतेच, शिवाय शेवटचं गोड वाक्य खोटं वाटतं. माझी पद्धत अशी आहे: ताकदीची गोष्ट पूर्ण सांगायची आणि पूर्णविराम द्यायचा. मग उणिवेची गोष्ट नवीन वाक्यात, तितक्याच शांतपणे, तारखा-आकड्यांसह पूर्ण सांगायची. दोन्ही बाजूंना सारख्याच ओळी पाहिजेत असंही नाही. कामात ज्याचं वजन जास्त त्याला जागा जास्त. या मुलाच्या बाबतीत तीन तक्रारींचं मूळ उपटणं हे दोन उशिरा रिपोर्टपेक्षा नक्कीच मोठं आहे. परिच्छेद वाचून तसंच वाटलं पाहिजे.

शेवटी आपण मिळून जो परिच्छेद केला तो असा झाला:

*"बुशच्या बोअरबद्दल ऑगस्टमध्ये तिसरी तक्रार आल्यावर यांनी दोन दिवस मशीनवर उभं राहून मापं घेतली आणि इन्सर्ट घासत आल्यावर बोअर आतल्या टोकाला लहान पडतो हे शोधलं. दोन ठिकाणी माप घेणं आणि १८० नगांना इन्सर्ट बदलणं, हे दोन्ही बदल त्यांनी तिन्ही शिफ्टमध्ये स्वतः दाखवून लागू केले. सप्टेंबर ते मार्च या बुशची एकही तक्रार आलेली नाही. वर्षातल्या सहा एट-डी रिपोर्टपैकी दोन वेळेत बंद झाले, दोन बाहेरच्या लॅबमुळे लांबले आणि दोन (२३ आणि ३१ दिवस) यांच्याकडे अडले. दोन्हींत मूळ कारण पाच दिवसांत सापडलं होतं; कंट्रोल प्लॅनची दुरुस्ती आणि पुरावे जोडणं राहून गेलं. ३१ दिवसांच्या रिपोर्टमुळे डिसेंबरच्या सप्लायर रेटिंगमध्ये आपले मार्क कमी झाले. पुढच्या वर्षी मूळ कारण सापडल्यापासून पाच दिवसांत पूर्ण मसुदा माझ्याकडे यावा असं ठरलं आहे. उघड्या तक्रारींची यादी आम्ही दोघं दर सोमवारी बघू."*

यात त्याच्या स्वभावाचं एकही विशेषण नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. हुशार, चिकाटीचा, विसराळू, काहीच लिहिलेलं नाही. तरी वाचणाऱ्याला तो हुशार आणि चिकाटीचा आहे हे कळतंच. आणि आता नाव झाकून हा कागद तुमच्या सेक्शनमध्ये कोणालाही दाखवा, तो लगेच सांगेल हा कोण. परिच्छेद जमला का हे तपासायची माझ्याकडे हीच एक खूण आहे. नाव झाकल्यावर दुसऱ्या कोणालाही लागू पडत असेल तर ते वाक्य खोडायचं.

शेवटच्या दोन वाक्यांबद्दल थोडं. 'सुधारणा अपेक्षित' असं लिहिलं की वर्षानंतर ती झाली की नाही हे कोणालाच सांगता येत नाही आणि पुन्हा वाद होतो. 'पाच दिवसांत मसुदा' हे मोजता येतं. आणि 'आम्ही दोघं बघू' यात तुमच्यावरचीही जबाबदारी लिहिली गेली आहे. ती पाळावी लागेल. सोमवार चुकवायला लागलात तर पुढच्या एप्रिलमध्ये त्याला काही विचारायचा हक्क तुम्हाला उरणार नाही.

आकड्यांच्या बाबतीत एक सावधगिरी. जो आकडा त्या माणसाच्या हातातला नाही तो त्याच्या नावावर चांगल्या अर्थानेही लिहू नका. सेक्शनचं रिजेक्शन वर्षभरात खाली आलं असेल तर त्यात नवीन मशीनचा वाटा किती, मटेरियलचा किती, हे वेगळं काढता येत नाही. तो आकडा सातही फॉर्मवर टाकलात तर पुन्हा सातही फॉर्म सारखे दिसतील. रेटिंगही परिच्छेदाशी जुळलं पाहिजे. एवढं लिहून पाच दिलंत तर मीटिंगमध्ये कोणीतरी ते ३१ दिवस दाखवेल, तीन दिलंत तर हा मुलगा ती बुश दाखवेल. मला यात चार दिसतो आणि तो चार तुम्ही भांडून टिकवू शकता.

फॉर्म देण्याआधी तो त्याला दाखवा. फोनवर नको, लाईनवर उभ्या-उभ्या तर नकोच. मीटिंग रूममध्ये वीस मिनिटं बसा आणि परिच्छेद त्याच्या हातात द्या, त्याला स्वतः वाचू द्या. तुम्ही घाबरलात तसा तो दुखावणार नाही असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. २३ आणि ३१ हे आकडे वाचून चेहरा पडेल कदाचित. पण वाद घालायचा तर त्याला आकड्यांशी घालावा लागेल आणि आकडा चुकला असेल तर तो तुम्ही तिथेच दुरुस्त करा. 'जबाबदारीची जाणीव कमी' यावर त्याला काय दुरुस्त करता आलं असतं?

आता उरलेले सहा. तुम्ही म्हणालात, सगळ्यात अवघड कोण तर सेकंड शिफ्टचा तो शांत इन्स्पेक्टर. ना त्याची तक्रार, ना काही विशेष. "त्याच्याबद्दल मला काहीच आठवत नाही," असं तुम्ही म्हणालात आणि वाईट वाटल्यासारखा तुमचा आवाज उतरला. त्याचाच फॉर्म आधी घ्या, असं मी म्हटलं होतं, कारण ज्याच्याबद्दल आठवत नाही त्याच्यावरच 'मेहनती, प्रामाणिक'चा शिक्का बसतो.

काल तुमचा मेसेज आला. त्याच्यासाठी इन-प्रोसेस इन्स्पेक्शनचं रजिस्टर चाळताना तुम्हाला जुलैतली एक नोंद सापडली, तिसऱ्या तक्रारीच्या जवळजवळ महिनाभर आधीची: 'बुश, प्लग गेज पूर्ण आत जात नाही, ४० नग बाजूला ठेवले.' खाली त्याची सही. प्लग गेज म्हणजे बोअर तपासायची दांडी. ती नोंद तेव्हा कोणीच पुढे नेली नव्हती. तुम्ही विचारलंत, आता काय करू?

त्याच्या परिच्छेदाचं पहिलं वाक्य ते करा, तारखेसकट. इंजिनिअरला विचारा, ऑगस्टमध्ये त्याने ही नोंद पाहिली होती का. पाहिली असेल तर त्याच्याही परिच्छेदात 'सेकंड शिफ्ट इन्स्पेक्टरच्या जुलैच्या नोंदीवरून' हे शब्द घाला. पाहिली नसेल तर त्याचा परिच्छेद आहे तसाच राहू द्या. आणि सेकंड शिफ्टची नोंद सकाळी तुमच्या टेबलावर कशी येईल हे या आठवड्यात ठरवा. ते काम त्या दोघांपैकी कोणाचंच नव्हतं, तुमचं होतं.